ओल्या कपड्यांची खोली

पंचवटीत काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमधून चालत गेलं की जुन्या वाड्यांची एक तऱ्हा ध्यानात येते. मागच्या अंगाला माणसं राहताहेत, वाळवणं पडलीत, कुकरच्या शिट्ट्या होताहेत; आणि रस्त्याला लागून असलेली सगळ्यात मोक्याची खोली मात्र कुलूपबंद. आत जुनी पिंपं, मोडका पाळणा, कुणाच्या तरी लग्नात आलेले आणि न उघडलेले भेटवस्तूंचे खोके. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भाडेकरू ठेवायचा? एकदा शिरला की निघायचा नाही."

हे उत्तर उगाच आलेलं नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि जुन्या नाशकात अशी कितीतरी बिऱ्हाडं झाली, ज्यांचं महिन्याचं भाडं आज एका वडापावात संपतं. आमच्या शेजारच्या वाड्यात असं बिऱ्हाड आहे. कौलं कुणी शाकारायची यावरून मालक आणि भाडेकरू यांची दुसरी पिढी भांडते आहे. ते बघत मोठे झालेल्या आमच्या घरात खोली रिकामी ठेवणं हाच शहाणपणा समजला जाई.

पण कायदा बदलून बरीच वर्षं झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, तो २००० पासून लागू आहे. त्यात लीव्ह अँड लायसन्सने, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी म्हणून जागा देता येते आणि मुदत संपल्यावर, जागा राहण्यासाठी दिलेली असेल तर, ती परत मिळवायला कलम २४ ची वेगळी, त्यातल्या त्यात जलद वाट आहे. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज आमच्या गल्लीत अजून पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही आणि पुढे वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरून चालतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्या भीतीने खोली बंद ठेवायची, ती भीती आपणच नोटरीच्या कागदावर काम भागवून ओढवून घ्यायची, असा प्रकार.

खर्चही फार नाही. समजा महिना सहा हजार आणि परत करायची अनामत तीस हजार. अकरा महिन्यांचे सहासष्ट हजार, त्यात अनामतीवर दहा टक्के व्याज धरून साधारण तीन हजार मिळवायचे. एकोणसत्तर हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे दोनशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंटची फी वेगळी. बाकी सगळं ऑनलाइन, घरी येऊन अंगठे घेऊन जातात.

आमच्याही पुढच्या खोलीला असं गिऱ्हाईक आलं होतं. भांडी बाजारातल्या एका व्यापाऱ्याला तांब्या-पितळेचा माल ठेवायला जागा हवी होती. महिना पाच हजार द्यायला तो तयार होता, वर्षाचा करार, कटकट नाही. खोलीला रंगसुद्धा नको म्हणाला. तरीही आम्ही दुसरंच काही केलं. ते का आणि कसं, त्यात पैसा कुठे गेला आणि कुठे जाऊ दिला नाही, ते सांगण्यासारखं आहे.

वाड्यात आता काकू एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, संडास मागच्या चौकाच्या टोकाला. पावसाळ्यात रात्री छत्री घेऊन जायचं. मी इंदिरानगरला, एक चुलतभाऊ पुण्यात, एक परदेशात. पुढची खोली दहा बाय चौदा फुटांची. तिला गल्लीकडून स्वतंत्र दार, आत माजघराकडे दुसरं दार. बाजूला जिन्याखाली सहा बाय पाचची अडगळ. पूर्वी तिथे शिंपी बसायचा, मग काही वर्षं धान्य, मग काहीच नाही.

रामकुंडावर रोज बाहेरगावची माणसं येतात. सहलीला आलेली वेगळी आणि ही वेगळी. अस्थिविसर्जनाला, दशक्रियेला, पक्ष करायला, अमावस्येच्या श्राद्धाला आलेली. खानदेशातून, मराठवाड्यातून, गुजरातेतून रातोरात गाडी करून निघतात, पहाटे पोचतात. गुरुजी ठरलेले असतात, त्यांच्या वह्यांत या कुटुंबांची आधीच्या पिढ्यांची नावं सापडतात. विधी दोन-तीन तासांत होतो. पण त्याच्या आधी आणि नंतर? सोबत एक म्हातारी बाई, दोन लहान मुलं, ओले कपडे, सामान. बायकांनी कपडे बदलायचे कुठे? हॉटेलात खोली घ्यावी तर चेक-इन दुपारी आणि भाडं अख्ख्या दिवसाचं. धर्मशाळा आहेत, पण पितृपक्षात जागा मिळायची मारामार. या माणसांना पलंग, एसी, वायफाय यातलं काही नको असतं. चार-सहा तास एक कोरडी खोली, स्वच्छ संडास, गरम पाणी आणि ओले कपडे पिळून वाळत घालायला दोरी, एवढंच हवं असतं.

हे आम्हाला सुचवलं शेजारच्या गुरुजींनी. काकूंचा पहिला प्रश्न रास्त होता. "सुतकातली माणसं घरात घ्यायची? देवघर माजघरात आहे."

गुरुजी काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी काकूंनीच उत्तर काढलं. कुणाकडे कुणी गेलं की शेजारपाजारचे पिठलं-भाताचा डबा पाठवतातच, त्यांना आपण देतो, त्यांचं घेत नाही. तसंच हे. दार वेगळं, माजघराकडचं दार आपल्या बाजूने बंद, आपण चहा द्यायचा, त्यांचा प्रसाद घ्यायचा नाही. शास्त्रार्थ बरोबर की चूक, मला ठाऊक नाही. पण घरात राहणाऱ्या माणसाच्या मनाला पटलेली व्यवस्था नसेल तर असला उद्योग महिनाभरही टिकत नाही, हे मात्र खरं.

आधी कागद. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचं नाव होतं. म्हणजे वारस नोंद करणं आलं, आणि वारस म्हणजे नुसते काका आणि त्यांचे मुलगे नव्हेत, दोन्ही आत्या आणि गेलेल्या आत्याची मुलंही आली. पुरुषांच्या सह्या घेऊन काम भागवायची आपल्याकडे फार खोड आहे. पैसे येऊ लागले की मग ज्यांना विचारलं नाही ती मंडळी आठवण करून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आम्ही सगळ्यांचं एक संमतिपत्र केलं. त्यात खोली कोण चालवणार, दुरुस्तीला पैसे कोण घालणार, आधी ते पैसे फिटणार, मग महिन्याच्या शिलकीतला निम्मा काकूंचा कारण कष्ट त्यांचे, उरलेला वाड्याच्या खात्यावर, वाटप नाही. शेवटच्या वाक्यावर पुण्याचा भाऊ थोडा अडला होता. कौलं शाकारायला दरवर्षी काय लागतं तो आकडा ऐकल्यावर त्याने सही केली.

मग पाणी. जुन्या वाड्यात थोडक्या पैशांत काही करायचं तर सगळा हिशेब पाण्याचा असतो, असं माझं आता मत झालंय. नदीचं पाणी, भिंतीत चढणारं पाणी, आपण नव्याने आत आणलेलं पाणी आणि ते बाहेर काढायची वाट. फरशी, रंग, फर्निचर हे सगळं त्यानंतर.

नदीचं आधी बघितलं. गोदावरी चढली की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं यावरून पुराचं माप कळतं. गंगापूर धरणातून सोडलं की तासाभरात-दोन तासांत घाटावर कळतं. १९६९ चा पूर आमच्या घरात सांगोवांगीने आहे, २००८ चा आम्ही पाहिला. तेव्हा पाणी गल्लीच्या खालच्या तोंडापर्यंत आलं, आमच्या जोत्याला लागलं नाही. तरीही आपला वाडा निळ्या पूररेषेत आहे की लाल, हे नकाशावर बघून घ्यावं. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतली खोली असेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत. आहे तशी हंगामी वापरावी.

मग भिंत. आमची भिंत खाली दगडी जोतं आणि वर मातीचुन्यातली वीट, जाडी दीड-पावणेदोन फूट. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल, पांढरी भुकटी, पोपडे. याला आपण लोणा म्हणतो. कधीतरी कुणीतरी तो झाकायला सिमेंटचं प्लास्टर करून वर ऑइलपेंट मारला होता. झाकला गेला तर नाहीच, उलट वर चढला. कारण सरळ आहे. जमिनीतली ओल जुन्या भिंतीत वर येते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जाते. सिमेंट आणि ऑइलपेंट ती वाट बंद करतात, मग पाणी वाट मिळेल तिथपर्यंत वर चढतं. पाण्याबरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या मागे साठतात आणि ते फुगून प्लास्टर विटेच्या तुकड्यांसकट सुटतं. हाताच्या मुठीने ठोकलं की पोकळ आवाज येतो, तिथे हे झालेलं असतं.

पहिल्या ठेकेदाराने वॉटरप्रूफिंग केमिकल, वर टाइल्स, असा एक लाखाचा आकडा सांगितला. आम्ही त्याला चहा पाजून निरोप दिला. दुसरा मिस्त्री त्र्यंबकच्या बाजूचा, वडिलांबरोबर चुन्याचं काम केलेला. त्याने मार्चमध्ये ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंतचं सिमेंट खरवडून काढलं आणि भिंत उघडी टाकून निघून गेला. मेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. या काळात वर येणारी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करून बाहेर टाकायची, पाण्याने धुवायची नाही. धुतली की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. काकू रोज संध्याकाळी देवाला दिवा लावायच्या आधी हे काम करायच्या. पहिल्या पंधरवड्यात सूपभर निघे, मेअखेरीला चिमूटभर.

मग गिलावा. कळीचा चुना पिंपात भिजवून मुरवलेला. भिजवताना तो उकळतो आणि शिंतोडे डोळ्यांत गेले तर डोळा जातो, म्हणून मुलांना मागच्या चौकात पिटाळलं. एक भाग चुना, अडीच भाग चाळलेली वाळू, थोडी विटांची सुरखी. दोन पातळ थर, मध्ये वाळायला वेळ, वर पोतं ओलं करून आठवडाभर. शेवटी पातळ सफेदी, तीन हात. खालच्या फूटभरात पहिल्या पावसाळ्यात पुन्हा थोडी भुकटी आली. ती येणारच, भिंतीखाली ओल अडवणारा थर घातलेला नसतो. वर्षाआड तेवढ्याच पट्ट्याला सफेदी द्यावी लागते, खर्च शे-दोनशे. हे मान्य नसेल तर जुन्या वाड्याच्या वाटेला जाऊ नये.

खोलीत दोन सागवानी खांब आहेत. वर कडीपाट, त्यावर माडी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं ते खरं तर नोटिशीच्या धाकाने. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घेणं कायद्यानेच मालकावर आहे. त्याने खांबाच्या बुंध्याला टोच्या मारून बघितला. एक खांब निब्बर, टोच्या आत जाईना. दुसऱ्यात तो लोण्यात गेल्यासारखा बोटभर आत गेला. वाळवीचे मातीचे पट्टे त्याच्याच मागे होते, भिंतीच्या बाजूने, सहज न दिसणारे. वरची तुळई जॅकवर तोलून त्या खांबाचा खालचा सव्वा फूट कापला आणि तिथे घडीव दगड बसवला. या कामाला पंधरा हजार गेले आणि आलेल्या पाहुण्याला ते कधीही दिसत नाहीत. त्या इंजिनिअरने एक गोष्ट लेखी दिली, ती पुढे फार उपयोगी पडली: वापर तळमजल्यावरच, माडीवर गर्दी नाही, पाण्याची टाकी तर नाहीच.

संडास-बाथरूम जिन्याखालच्या अडगळीत बसवायचं ठरलं. जागेमुळे नव्हे, ड्रेनेजमुळे. मैल्याच्या चार इंची पाइपला साधारण चाळीस फुटाला एक फूट उतार लागतो. गल्लीतलं चेंबर तिथून वीस फुटांवर, म्हणजे सहा इंच उतार हवा. चेंबरचं झाकण उघडून आतल्या नळाची पातळी मोजली तेव्हा चार इंचच मिळत होते. मग बाथरूमचा तळच एक पायरी वर उचलला. हे मोजमाप न करता कमोड आधी विकत आणणारे लोक मी पाहिलेत; तो कमोड पुढे वर्षभर कुंडीसारखा चौकात पडून राहतो. चेंबरच्या अलीकडे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवला. नदी भरली की उताराच्या गल्ल्यांत चेंबरमधून पाणी मागे येतं, घरात पूर न येताही संडासातून येतो.

बाथरूमच्या टाइल्स जुन्या भिंतीवर लावल्या नाहीत. दोन बोटं जागा सोडून चार इंची नवी भिंत उभी केली आणि टाइल्स तिच्यावर. अंघोळीचं पाणी मातीच्या विटेपर्यंत जाताच कामा नये. फरशी बसवण्याआधी तळ भरून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं आणि खडूने पातळीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघेखाली पाणी बोटभर उतरलेलं. जाळीच्या कडेला फट होती. मिस्त्री म्हणाला, "ताई, उन्हाने आटलं असंल." जिन्याखाली ऊन! फट बुजवून पुन्हा भरलं, मग रेघ जागेवर राहिली.

गरम पाण्याचा प्रश्न मला वाटला होता त्याहून किचकट निघाला. सहा-आठ माणसं, आणि सगळ्यांना एकाच तासात अंघोळ हवी. गॅस गिझर पाणी पटकन देतो, पण बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो, ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळतही नाही. सोलर म्हणजे दोनशे लिटर पाण्याचं वजन कौलांवर. इंजिनिअरचा कागद दाखवून तो विषय मिटवला. काकूंना चौकात तांब्याचा बंब पेटवायचा होता, आमच्याकडे आजोबांच्या वेळचा आहे. लाकडी वाड्यात पहाटे पाचला धूर आणि ठिणग्या नकोत म्हणून मी नाही म्हटलं, त्या अजून त्यावर नाराज आहेत. शेवटी पन्नास लिटरचा विजेचा गिझर. त्यातलं साठ अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून सुमारे शंभर लिटर अंघोळीचं पाणी होतं, म्हणजे सहा बादल्या. पुन्हा तापायला सव्वा तास आणि सव्वादोन युनिट वीज लागते. म्हणून नियम असा ठरला: म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी, बाकीच्यांना सव्वा तासाने. फोनवर आधीच सांगितलं की कुणी कुरकुर करत नाही.

गिझरची वायर जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरिंगवर टाकली नाही. मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, नवी अर्थिंग आणि गळतीचा करंट तीस मिलिअँपिअरला तोडणारा आरसीसीबी. बाथरूममध्ये ओल्या अंगाने उभ्या असलेल्या परक्या माणसाची जबाबदारी आपली असते. गिझर टांगला तोही नव्या भिंतीवर, खाली लोखंडी घोडी देऊन. भरला की त्याचं वजन सत्तर किलोच्या घरात जातं.

बाकी सामानात सांगण्यासारखं काही नाही. दोन लाकडी बाकं, एक खाट, चटया, आरसा, मोबाइल चार्जिंगचे पॉइंट. जुन्या खुंट्या होत्या त्याच ठेवल्या. कोनाड्यात कंगवा, साबण, पिना. ओले कपडे मात्र खोलीत वाळत घालू देत नाही, दोरी मागच्या चौकात बांधली आहे. एवढे उपद्व्याप करून कोरडी केलेली भिंत धोतरांनी भिजवायची नाही.

सगळा खर्च मिळून एक लाख नव्वद हजार. संडास-बाथरूम आणि ड्रेनेज पंच्याण्णव, गिलावा अठ्ठावीस, वायरिंग बावीस, गिझर बारा, खांब पंधरा, सामान अठरा. पुढचा दरवाजा तेलपाणी करून तसाच, फरशी जुनी शहाबादी, कडीपाट नुसता झाडून पुसून. कुणी 'हेरिटेज लूक'साठी पितळी दिवे लावा म्हणालं होतं. दशक्रियेला आलेल्या माणसाला पितळी दिवे कशाला?

नोंदणीचं काम पर्यटन संचालनालयाच्या 'निवास व न्याहरी' योजनेखाली केलं. घरातच राहून मोजक्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांसाठी ती आहे. पोलीस चौकीत कळवलं. वही ठेवली आहे: नाव, गाव, ओळखपत्राची प्रत, आल्या-गेल्याची वेळ. कुटुंबातला कुणी परदेशी पासपोर्टवाला असला, आणि अस्थी घेऊन आलेल्यांत असा मुलगा बऱ्याचदा असतो, तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. घरपट्टीच्या पावतीवर वापर काय लिहिलाय तेही पाहावं. तो बदलला की आकारणी बदलते, आणि ते पालिकेला आपण सांगितलेलं बरं, दुसऱ्याने कळवण्यापेक्षा.

आता कमाई. सहा तासांचे सातशे रुपये, रात्र राहायचं झालं तर बाराशे. चहा मोफत, जेवण नाही. जवळच्या खानावळीचा नंबर भिंतीवर आहे. गिऱ्हाईक गुरुजींकडून येतं, आदल्या संध्याकाळी फोन. बुकिंगच्या संकेतस्थळांवर नाव घातलेलं नाही, कारण तिथून तरुण जोडपी आणि 'व्ह्यू आहे का' विचारणारे येतील आणि काकूंना ते झेपणार नाही. रिक्षावाले आणि एजंट टक्केवारी मागतात, ती देत नाही. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला चौदा हजार येतात. सफाईच्या बाईंचे तीन, विजेचे बाराशे, चादरी-साबण दीड हजार, किरकोळ दुरुस्ती आठशे. हातात साडेसात हजार. ही सरासरी फसवी आहे. भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात खोली रोज, कधी दिवसातून दोनदा जाते. जुलैत नदी भरून वाहत असली की आठवडेच्या आठवडे फोन येत नाही.

कागदावर बघाल तर भांडीवाल्याचे पाच हजार जास्त शहाणपणाचे होते. त्याला गिलावा, खांब आणि वायरिंग एवढंच लागलं असतं, पासष्ट हजारांत काम झालं असतं, आणि तेरा महिन्यांत पैसे फिटले असते. आमचे फिटायला पंचवीस महिने आणि रोजची उठबस. घरात कुणी राहत नसेल, तर मी डोळे मिटून नोंदणीकृत लायसन्सचाच सल्ला देईन. परगावी बसून तासांवर खोली चालवता येत नाही. आमच्याकडे तराजू दुसऱ्या बाजूला झुकला तो दोन कारणांनी. एक म्हणजे संडास. खोली रिकामी असते तेव्हा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक रात्री, तो काकूंचा असतो, माजघराच्या दारापासून सहा पावलांवर. छत्री घेऊन चौक ओलांडणं संपलं. तो नाहीतरी बांधायचाच होता, आणि त्यासाठी भावंडांनी वर्गणी काढली असती का, याची मला शंका आहे. दुसरं, दिवाळीला सगळे जमले की खोली आमची. लायसन्सवर दिलेली जागा अशी चार दिवसांसाठी परत मागता येत नाही.

काकू दर ठरवण्यात माझ्याहून कडक निघाल्या. घासाघीस करणाऱ्याला त्या सरळ सांगतात, "विधीचे पैसे कमी करा म्हणता का गुरुजींना?" पण एकदा मालेगावकडची एकटीच आलेली बाई होती, नवऱ्याच्या अस्थी घेऊन, सोबत कुणी नाही. तिच्या नावापुढे वहीत रकमेच्या रकान्यात काकूंच्या अक्षरात नुसती आडवी रेघ आहे. महिन्याचा हिशेब लावताना मी त्याबद्दल विचारलं नाही.

सध्या घरात वाद चालू आहे सिंहस्थाचा. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. पुण्याच्या भावाने माडीवर तीन खोल्या पाडायचा आराखडा पाठवला, एका रात्रीचे पाच-पाच हजार धरून. मी त्याला उत्तरादाखल इंजिनिअरचं पत्र पाठवलं. शिवाय पर्वणीच्या दिवशी घाटाकडच्या गल्ल्यांत गाड्या सोडत नाहीत, बाहेरच्या वाहनतळावरून पायी यावं लागतं, रस्तेही एकेरी; आपल्या दाराशी माणूस पोचेलच याची हमी नाही आणि पोचला तर दोनाचे वीस होतील. कडीपाटावर वीस माणसं झोपवायची माझी तयारी नाही. काकूंचं म्हणणं त्याहून सोपं आहे. पर्वणीच्या तीन दिवसांत खोली कुणालाच द्यायची नाही, कारण जळगावची आत्या, तिच्या दोन सुना आणि नातवंडं तेव्हा येणार आहेत, त्यांनी संमतिपत्रावर सही करतानाच हे बोलून ठेवलं होतं. भावाला ते अजून कळवायचं आहे.